दमण ते नगर हवेलीची वाट: रूढी सिद्ध कशी झाली आणि अर्धीच का झाली?

रेवती_निगडी

एलएलएमच्या पब्लिक इंटरनॅशनल लॉच्या पेपरची तयारी चालू आहे. सराव परीक्षेत हा प्रश्न होता, थोडक्यात सांगते:

'अ' देशाचा एक लहानसा तुकडा चारही बाजूंनी 'ब' देशाच्या भूमीने वेढलेला आहे. ९० वर्षं अ चे शिक्षक, डॉक्टर, कारकून आणि धान्याच्या गाड्या ब मधून त्या तुकड्यात ये-जा करत आल्या. अ चे सशस्त्र सीमारक्षकही जात होते, पण ब ला पत्र पाठवून, होकार आल्यावर. लेखी तह कुठलाच नाही. आता ब ने सगळीच वाहतूक बंद केली. अ ला सल्ला द्या.

मी लिहिलं की ९० वर्षांचा सातत्यपूर्ण व्यवहार आहे, म्हणून आंतरराष्ट्रीय रूढी तयार झाली, म्हणून ब ने तिचा भंग केला. १५ पैकी ५ मिळाले. समासात सरांनी लाल शाईने एवढंच लिहिलंय: "ओपिनियो ज्युरिस कुठे आहे? राइट ऑफ पॅसेज वाचा."

वाचायला घेतलं. पोर्तुगाल विरुद्ध भारत, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा १९६० चा निकाल. निकालात माणसं आणि माल जाऊ शकतो पण फौज नाही असं काहीतरी आहे, आणि शेवटी भारताने काही चूक केली नाही असंही आहे. मला तिन्ही गोष्टी एकत्र बसवताच येत नाहीयेत. आणि ओपिनियो ज्युरिस हा शब्द तर निकालात शोधूनही सापडत नाही. कुणी सांगेल का?

अमोल_नेट_सेट

सोपं आहे. रूढीसाठी दोन गोष्टी लागतात, राज्यांचा व्यवहार आणि हे आपलं कायदेशीर कर्तव्य आहे ही जाणीव, तीच ओपिनियो ज्युरिस. व्यवहार सातत्याचा आणि एकसारखा हवा, हे असायलम केसमध्ये आलंय (कोलंबिया विरुद्ध पेरू, १९५०). तुमच्या प्रश्नात ९० वर्षं आहेत, म्हणजे व्यवहार भक्कम. आणि इतकी वर्षं कुणी तक्रार केली नाही म्हणजे जाणीवही आलीच. सशस्त्र रक्षक दर वेळी पत्र देत होते आणि दर वेळी होकार मिळत होता, म्हणजे तिथे तर लेखी पुरावाच आहे! उलट तो भाग जास्त मजबूत.

फक्त एक अडचण आहे. रूढी निदान एखाद्या प्रदेशात तरी पसरलेली हवी. दोनच देशांत रूढी कशी होणार? त्याला तह म्हणतात. त्यामुळे मी असतो तर 'मूक करार' असं लिहिलं असतं.

बांधावरचा

आमचंही हेच चाललंय. आमच्या शेताला जायची वाट शेजाऱ्याच्या बांधावरून आहे, आज्याच्या काळापासून. गेल्या वर्षी त्याने काटेरी झुडपं टाकून बंद केली. तहसीलदारांकडे मामलेदार कोर्ट कायद्याखाली अर्ज दिलाय, तारखा चालू आहेत. समोरचा म्हणतो, मी माणुसकीने जाऊ देत होतो, दर पेरणीला हे मला विचारून बैलगाडी नेत होते. त्याचं म्हणणं टिकेल का? वहिवाट ती वहिवाट ना? रेवतीताई, तुमच्या प्रश्नातला अ म्हणजे मीच समजा.

हेग_ते_हडपसर

बांधावरचे दादा, तुमचा अर्ज इथला विषय नाही, त्यासाठी कागद घेऊन स्थानिक वकिलाला गाठा. झुडपं टाकल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज गेला होता ना, एवढं मात्र आधी बघा. पण तुमचा शेजारी जे बोलतोय त्यातच रेवतीच्या प्रश्नाचं उत्तर आहे. आपल्या ईझमेंट कायद्यातही वीस वर्षांची वहिवाट 'हक्काने' केलेली असावी लागते. दर वेळी विचारून गेलात तर ती वीस काय, चाळीस वर्षं झाली तरी हक्क होत नाही. हेगमध्येही मुद्दा तोच होता. फक्त तिथे वीस वर्षांसारखा ठरलेला आकडा नाही, आणि तहसीलदारही नाही. साम्य इथेच संपवतो, फार ताणलं तर घोटाळा होईल.

आता खटला. नकाशा डोळ्यांपुढे आणा. दमण समुद्रकाठी, पोर्तुगीजांकडे. आत काही मैलांवर दादरा, आणि त्याच्याही पलीकडे नगर हवेली. मधला पट्टा आधी मराठ्यांचा, मग इंग्रजांचा, मग भारताचा. दमणहून सिल्व्हासाला जायचं तर परक्याच्या हद्दीतून जाण्यावाचून मार्ग नाही. जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून गेले आणि भारताने दमणहून येणाऱ्यांना वाट दिली नाही. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ ला संयुक्त राष्ट्रांत दाखल झाला, १९ ला न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य केलं आणि २२ ला दावा ठोकला. आठवड्याभरात. अधिकारक्षेत्राच्या पेपरला तो एक वेगळा प्रश्न आहे, इथे सोडून देतो.

पोर्तुगालने पहिला आधार घेतला तो १७७९ च्या पुण्याच्या तहाचा आणि पेशव्यांच्या १७८३ व १७८५ च्या सनदांचा. म्हणणं असं की मराठ्यांनी आम्हाला ही गावं सार्वभौम हक्काने दिली, मग तिथे जायची वाटही त्यातच आली. न्यायालयाने तह वैध धरला पण अर्थ दुसरा काढला. दिलं होतं ते दमणच्या आसपासच्या गावांतून १२,००० रुपयांचं उत्पन्न, म्हणजे सरंजाम. जिथे मराठ्यांना मुलूखच कायमचा द्यायचा होता, तिथे कागदात तसे शब्द आहेत, इथे नाहीत. सरंजामदाराला वाटेचा आंतरराष्ट्रीय हक्क मिळत नाही. थोडक्यात, मराठा काळातून पोर्तुगालच्या हाती काही लागलं नाही.

मग इंग्रज आले. त्यांना पोर्तुगीज तिथे राज्य करताना दिसले आणि त्यांनी ते न बोलता मान्य केलं. इथून पुढे वाटेचा प्रश्न खऱ्या अर्थाने दोन राज्यांमधला झाला. न्यायालयाने मग एक गोष्ट केली, आणि परीक्षेत नेमकी तीच करायची असते. 'वाट' असा एकच व्यवहार न धरता त्याचे भाग पाडले. खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल एका बाजूला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्र-दारूगोळा दुसऱ्या बाजूला. प्रत्येक भागासाठी प्रश्न तोच, पण उत्तर वेगळं निघालं.

पहिल्या बाजूला सव्वाशे वर्षांहून जास्त काळ अखंड, एकसारखी ये-जा होती. १९४७ ला सत्ता बदलली तरी ती चालू राहिली. ११ विरुद्ध ४ मतांनी हक्क मान्य झाला. अमोल, दोनच देशांत रूढी होत नाही हाच भारताचा युक्तिवाद होता आणि तो फेटाळला गेला. न्यायालय म्हणालं, दोन राज्यांनी आपल्या संबंधांचा नियम म्हणून दीर्घकाळ मानलेल्या व्यवहारातून त्या दोघांपुरते हक्क आणि कर्तव्यं का निर्माण होऊ नयेत, याचं काही कारण दिसत नाही. ज्याला आपण स्थानिक रूढी म्हणतो तिचा हा पहिला ठसठशीत निकाल. 'मूक करार' लिहिलंस तर परीक्षक मार्क कापेल.

दुसऱ्या बाजूचा निकाल ८ विरुद्ध ७. हक्क नाही. हे का, ते संध्याकाळी लिहितो, कोर्टाची वेळ झाली.

अमोल_नेट_सेट

दोन देशांबद्दलची दुरुस्ती मान्य. पण मग परवानगीचं? ज्याला हक्क आहे तोसुद्धा शिष्टाचार म्हणून विचारतोच की. विचारलं म्हणून हक्क गेला, हे मला पटत नाही.

सिल्व्हासावाली

माझं माहेर नरोलीचं. आमच्याकडे ही गोष्ट खटला म्हणून कुणी सांगत नाही, मुक्ती म्हणून सांगतात. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्व्हासा मोकळं झालं, त्यात महाराष्ट्रातून आलेली मंडळी होती, सुधीर फडके होते, राजा वाकणकर होते. त्यामुळे "पोर्तुगालला हक्क होता" हे वाचून जरा लागलंच. न्यायालयाने आपल्या विरुद्ध निकाल दिला होता का? शाळेत तर भारत जिंकला असं शिकवलं.

हेग_ते_हडपसर

ताई, दोन्ही खरं आहे, त्याकडे शेवटी येतो. आधी अमोल.

तुझी शंका बरोबर आहे, नुसतं विचारणं पुरेसं नाही. मालाचंच बघ. इंग्रज दमणच्या मालावर जकातीचे नियम लावत, तपासणी करत. मिठाची वाहतूक बंद होती, कधी दारूवर आणि दारू गाळायच्या साहित्यावर बंदी, दुसऱ्या महायुद्धात तर मालाची वाहतूकच थांबवलेली. तरी न्यायालयाने मालाच्या वाटेचा हक्क मानला. कारण ही बंधनं महसुलासाठी किंवा सुरक्षेसाठी घातलेली होती. ज्याची वाट आहे त्यालाच नियम लावता येतात. नियमन आणि परवानगी यातला फरक पकडता आला की अर्धा पेपर सुटला.

आता फौजेकडे. १८७८ मध्ये ब्रिटन आणि पोर्तुगालमध्ये तह झाला. त्याच्या अठराव्या कलमात होतं की एकाच्या सशस्त्र दलांनी दुसऱ्याच्या हिंदुस्थानातल्या मुलखात शिरायचं नाही. अपवाद फक्त जुन्या तहांत नमूद केलेल्या कामांचा, परस्पर मदतीचा आणि रीतसर विनंती केल्याचा. यानंतरची एक पत्रापत्री आहे, ती मला या खटल्यातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते.

डिसेंबर १८९० मध्ये मुंबई सरकारने गोव्याच्या गव्हर्नर जनरलला लिहिलं की तुमची हत्यारबंद माणसं दमणहून नगर हवेलीला जाताना सुरत जिल्ह्याच्या पारडी तालुक्यातून रीतसर विनंती न करता सर्रास जातात, हा तहाचा भंग दिसतो. हे वाक्य नीट वाच. तक्रार करणारेच सांगतायत की माणसं न विचारता जातात. म्हणजे प्रत्यक्ष व्यवहार तर पोर्तुगालच्या बाजूचा होता! इथे पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने "हो, जातात, कारण तो आमचा हक्क आहे" असं लिहिलं असतं तर खटला कदाचित वेगळ्या वळणावर गेला असता. त्याने काय लिहिलं? पोर्तुगीज सैन्य पूर्वपरवानगीशिवाय ब्रिटिश हद्द कधीच ओलांडत नाही, शतकानुशतकं हीच रीत आहे, तहांचा मान राखला जातो आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांचाही. शेजाऱ्याला शांत करायला लिहिलेलं गोड पत्र. सत्तर वर्षांनी हेगमध्ये तेच पत्र पोर्तुगालच्या अंगाशी आलं.

पाय चालत होते त्याला व्यवहार म्हणतात. पण चालणारा स्वतःला हक्कदार समजत होता का, हे त्या पत्राने सांगितलं, आणि सांगितलं ते "नाही" असं.

पुढेही हेच. सशस्त्र पोलिसांच्या छोट्या तुकड्यांसाठी वेळोवेळी सवलती ठरल्या. १९४० मध्ये ठरलं की दहापर्यंत माणसं असतील तर गेल्यावर चोवीस तासांत कळवलं तरी चालेल. दहाच्या वर असतील तर आधीसारखी आगाऊ संमती हवीच. तू म्हणशील, बघा, दहा जणांना तरी सूट होती. पण ती सूट दोघांनी बसून ठरवलेली, आकडा घालून. जे हक्काने मिळतं त्यासाठी अशी घासाघीस होत नाही. शस्त्रं-दारूगोळा न्यायचा तर शस्त्र कायद्याखालचा खास परवाना लागायचा. हे सगळं मिळून न्यायालयाने काढलं ते असं की फौजेची वाट प्रत्येक वेळी समोरच्याच्या मर्जीवर होती. देणारा नाही म्हणू शकत होता, आणि मागणाऱ्याला ते माहीत होतं.

म्हणून अमोल, तुझं "सशस्त्र भाग जास्त मजबूत" हे नेमकं उलटं आहे. होकाराची नव्वद पत्रं म्हणजे 'आम्हाला हक्क नाही' याचे नव्वद पुरावे.

नि३

हेगकाका, छान लिहिलंत, पण तुम्ही एक पायरी हळूच गाळलीत. फौजेच्या बाबतीत ओपिनियो ज्युरिस नव्हता, हे पत्रावरून दाखवलंत. ठीक. माणसं-मालाच्या बाबतीत तो *होता*, हे कशावरून? तिथे इंग्रजांचं "तुमचा हक्क आहे" असं एखादं पत्र आहे का? नाही. न्यायालयाने नुसतं म्हटलं की इतका दीर्घ, अखंड व्यवहार दोन्ही पक्षांनी कायदा म्हणून स्वीकारला होता. म्हणजे व्यवहारावरूनच जाणीव काढली. मग रेवतीने तरी दुसरं काय केलं होतं? तिला पाच आणि न्यायालयाला पैकीच्या पैकी?

आणि १९६९ च्या नॉर्थ सी कॉन्टिनेंटल शेल्फमध्ये हेच न्यायालय नेमकं उलटं बोललं. डेन्मार्क आणि नेदरलँड्सनी समुद्रतळाची हद्द समान अंतराच्या रेषेने आखल्याची पंधराएक उदाहरणं दिली. न्यायालय म्हणालं, रेषा आखल्या असतील, पण आखायलाच हव्यात असं समजून आखल्या याचा पुरावा कुठाय? काही तर १९५८ च्या जिनिव्हा कराराचे पक्ष होते, ते करार पाळत होते. तिथे व्यवहारावरून जाणीव काढायला साफ नकार. एकाच न्यायालयाची दोन मापं.

हेग_ते_हडपसर

पायरी गाळली खरी, कारण ती निकालातच गाळलेली आहे. रेवतीला तो शब्द सापडला नाही तो याचमुळे.

हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला होता, आणि घेणारा आपला माणूस होता. भारतातर्फे तदर्थ न्यायाधीश होते एम. सी. छागला, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती. त्यांच्या विरोधी मतात हाच मुद्दा आहे: बाहेरून दिसणारा व्यवहार सिद्ध करून भागत नाही, मनातला घटकही तितकाच सिद्ध करावा लागतो, कारण नुसत्या प्रथेपासून रूढी वेगळी होते ती त्यावरूनच. नि३, तू छागलांच्या पंगतीत आहेस.

बहुमताच्या बाजूने मी एवढंच म्हणेन की दोन्ही गट शेजारी ठेवल्यामुळे न्यायालयाला एक तुलना आयती मिळाली. तीच वाट, तेच दोन शेजारी, तोच काळ. एका गटाला विचारावं लागतं, दुसऱ्याला लागत नाही. मुलकी माणसांच्या बाबतीतही इंग्रजांना संमतीची अट घालता आली असती, पद्धत त्यांच्या हाताशी होती, पण सव्वाशे वर्षं घातली नाही. जिथे अट घालायची तिथे बरोबर घालणारा जेव्हा दुसरीकडे घालत नाही, तेव्हा त्याच्या गप्प बसण्याला अर्थ येतो. नुसत्या कालावधीवरून काढलेला निष्कर्ष आणि या फरकावरून काढलेला निष्कर्ष सारखे नाहीत. रेवतीने पहिला काढला. दुसरा काढला असता तर पाचाचे अकरा-बारा झाले असते.

नॉर्थ सीबद्दल: तिथे दावा सगळ्या जगाला बांधणाऱ्या नियमाचा होता. पंधरा उदाहरणांवरून जर्मनीला बांधायचं होतं, ज्याने तो करार स्वीकारलेलाच नव्हता. इथे ज्यांच्यात व्यवहार झाला तेच दोघे समोरासमोर उभे. दोघांच्या वागण्यावरून दोघांचं मन ओळखणं आणि पंधरांच्या वागण्यावरून तिसऱ्याला बांधणं, यात मला तरी फरक दिसतो.

नि३

तुलनेचा मुद्दा चांगला आहे, पण तो तुमचा आहे, निकालाचा नाही. निकालात तो इतका स्पष्ट मांडलेला नाही. शिवाय इंग्रजांनी अट घातली नाही त्याचं साधं कारण असू शकतं की शिक्षक आणि भाजीवाले मोजत बसायला कुणाला वेळ होता! आळसालाही ओपिनियो ज्युरिस म्हणायचं का? लोटस खटल्यात (१९२७) आजच्या न्यायालयाच्या आधीच्या न्यायालयाने हेच म्हटलं होतं. परक्या जहाजावरच्या अधिकाऱ्यांवर राज्यांनी खटले भरले नाहीत हे खरं, पण भरायचे नाहीत असं कर्तव्य समजून भरले नाहीत, हे दाखवा.

हेग_ते_हडपसर

गप्प राहण्याचं वजन कधी धरायचं, यावर आंतरराष्ट्रीय विधी आयोगाच्या २०१८ च्या निष्कर्षांत कसोटी दिलीय: राज्याला प्रतिक्रिया देता येण्यासारखी स्थिती होती का, आणि परिस्थिती अशी होती का की काहीतरी बोलणं अपेक्षित होतं. स्वतःच्या हद्दीतून परक्या सरकारचे अधिकारी रोज जातायत, याहून जास्त बोलावंसं वाटायला काय हवं? तुझ्या लोटसमध्ये मुद्दा खटला न भरण्याचा होता, तिथे गप्प राहण्याची दहा कारणं असू शकतात.

न्यायालयही नंतर याच वाटेने गेलंय. २००९ चा कोस्टा रिका विरुद्ध निकाराग्वा. सान हुआन नदी निकाराग्वाची, पण काठावरचे कोस्टा रिकाचे लोक पोटापुरती मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या करत होते. असल्या गोष्टीची सरकारी दप्तरात नोंद कोण ठेवणार? न्यायालयाने ते समजून घेतलं आणि निकाराग्वाने एवढ्या काळात हा हक्क कधी नाकारला नाही, या गोष्टीला खास वजन दिलं. हक्क मान्य केला, नियमनाचा अधिकार निकाराग्वाकडे ठेवून. दमणचीच चौकट.

तरी तुझा आक्षेप पूर्ण संपत नाही, हे कबूल. स्थानिक रूढीत गप्प राहणं कुठे संपतं आणि स्वीकार कुठे सुरू होतो, यावर माझ्या माहितीतले दोन प्राध्यापक एकमेकांशी बोलत नाहीत.

नि३

मग मी तिसरा.

रेवती_निगडी

बऱ्याच गोष्टी जुळायला लागल्या. पण तिसरा मुद्दा राहिला. हक्क होता, भारताने वाट बंद केली, आणि तरी भंग नाही? सिल्व्हासावाली ताईंचाही प्रश्न तोच आहे.

हेग_ते_हडपसर

न्यायालयाने मान्य केलेला हक्क कसा होता ते बघा. १९५४ मध्ये, म्हणजे त्या वेळी. दादरा-नगर हवेलीतलं सार्वभौमत्व चालवण्यापुरता. आणि भारताच्या नियमन-नियंत्रणाच्या अधीन. शेवटची अटच निर्णायक ठरली. जुलै १९५४ मध्ये दादरामधली पोर्तुगीज सत्ता उलथली होती, आजूबाजूच्या भारतीय हद्दीत तणाव होता. अशा वेळी पोर्तुगीज अधिकाऱ्यांना तिथून जाऊ न देणं हे नियमनाच्या अधिकारात बसतं, असं ९ विरुद्ध ६ मतांनी ठरलं. फौजेचा तर हक्कच नव्हता, त्यामुळे त्या नकाराचा प्रश्न आला नाही.

म्हणून ताई, शाळेत शिकवलं ते चूक नाही. पोर्तुगालला हक्काचा कागद मिळाला आणि भारताला वाट बंद ठेवण्याची मोकळीक. दोन्ही राजधान्यांना आपणच जिंकलो असं सांगता आलं असणार.

सिल्व्हासावाली

म्हणजे हक्क होता, पण गरज पडली तेव्हा उपयोगाचा नव्हता. मग तो मान्य करून काय मिळालं?

अमोल_नेट_सेट

हेच मलाही विचारायचं होतं. "नियमन" म्हणून पूर्ण बंद करता येत असेल, तर तुम्ही वर सांगितलेला नियमन आणि परवानगीतला फरक उरतो कुठे?

हेग_ते_हडपसर

अमोल, आजचा सगळ्यात चांगला प्रश्न तुझा. निकाल त्या ठिकाणी कच्चा आहे असं माझंही मत आहे. बचाव एवढाच की नकार त्या घडीच्या तणावावर आधारलेला होता, कायमचा म्हणून तपासला गेला नाही. परवानगी देणारा कारण न देता नाही म्हणू शकतो. नियमन करणाऱ्याला कारण दाखवावं लागतं, आणि ते कारण न्यायालय तपासतं. तणाव निवळल्यावरही भारताने वाट बंद ठेवली असती तर काय, याचं उत्तर निकालात नाही. सहा न्यायाधीश वेगळ्या बाजूला होते ते काही उगाच नाही.

रेवती_निगडी

आता उत्तर असं लिहिलं तर? "अ ने स्थानिक रूढीचा आधार घ्यावा, दोन राज्यांतही ती होऊ शकते. ती सिद्ध करण्याचा भार अ वर आहे (असायलम). व्यवहाराचे दोन भाग करावेत. डॉक्टर, शिक्षक, धान्य यांची ९० वर्षं विनापरवानगी ये-जा होती आणि ब ने कधी आक्षेप घेतला नाही. त्याच काळात ब सीमारक्षकांकडून मात्र संमती घ्यायला लावत होता. यावरून पहिल्या भागात ब चा कायदेशीर स्वीकार दिसतो, दुसऱ्यात दिसत नाही. त्यामुळे मुलकी वाहतुकीचा हक्क, सशस्त्रांचा नाही. ब सुरक्षेचं कारण देऊ शकतो, पण सरसकट बंदीला ते कारण पुरतं का हे तपासावं लागेल."

हेग_ते_हडपसर

हे लिहिलंस तर सरांची लाल शाई वाचेल. दोन सुधारणा. "विनापरवानगी" लिहिताना आधी प्रश्न पुन्हा वाच. प्रश्नात मुलकी लोकांनी परवानगी घेतली की नाही हे सांगितलेलंच नाही. "प्रश्नावरून तसं दिसतं, तसं असल्यास" असं लिही, आणि परवानगी घेत असते तर निष्कर्ष कसा फिरला असता ते एका वाक्यात टाक. दुसरं म्हणजे बंदीचं कारण. प्रश्नात ब ने कुठलंच कारण दिलेलं नाही. १९५४ मध्ये भारताकडे दाखवायला तणाव होता. इथे ब कडे काय आहे? अ च्या बाजूने बोलायचं तर तुझा सगळ्यात धारदार मुद्दा हाच, आणि तो तू शेवटच्या अर्ध्या वाक्यात ढकललायस.

छागलांचा आक्षेप दोन ओळींत आलाच पाहिजे. नाहीतर नि३ तुझा पेपर तपासायला येईल.

नि३

येईनच. आणि "कायदेशीर स्वीकार दिसतो" या वाक्याला गोल करीन.

बांधावरचा

सगळं वाचलं. म्हणजे शेजाऱ्याला विचारून गाडी नेत होतो, हे मी तहसीलदारांपुढे बोलायचं नाही असंच ना?

हेग_ते_हडपसर

दादा, खोटं बोलायला मी सांगणार नाही. पण कशासाठी विचारत होतात ते नीट आठवा. "जाऊ का?" असं विचारत होतात, की "पेरलेलं तुडवायला नको, आज कुठल्या कडेने नेऊ?" असं? दुसरं असेल तर ते तुमच्या वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

बांधावरचा

कडेचंच विचारायचो. दोन पेरण्यांना चुलतभाऊ न विचारताच गेला होता, तेव्हा शेजारी काही बोलला नव्हता.

नि३

हे पारडी तालुक्याच्या पत्रापेक्षा बरं आहे. फक्त चुलतभावाला कुठलं गोड पत्र लिहू देऊ नका.